इसार, चाचणी आणि पूर्ण प्रकल्प : टप्प्याटप्प्याने केलेल्या गुंतवणुकीचा विचार



निव्वळ वर्तमान मूल्याची कसोटी तुम्हांला परिचित आहे. प्रकल्पातून पुढील वर्षांत मिळणारी रक्कम आजच्या मोलात आणायची, तीतून गुंतवणूक वजा करायची आणि बाकी धन असेल तर होकार, ऋण असेल तर नकार द्यायचा. ही कसोटी चुकीची नाही. मात्र तिच्यात एक गृहीत दडलेले असते. निर्णय आजच, एकदाच आणि संपूर्ण घ्यायचा आहे, असे ती मानून चालते. प्रत्यक्ष व्यवहारात माणसे अशी क्वचितच वागतात. आधी थोडे करून पाहावे, जमले तर वाढवावे, न जमले तर थांबावे, ही रीत कोणत्याही व्यापाऱ्याला शिकवावी लागत नाही. या 'थांबता येण्या'ला पैशांत काही किंमत आहे का आणि असल्यास ती कशी काढावी, हा या घटकाचा विषय आहे.

इसाराची कल्पना

जमिनीचा व्यवहार ठरताना घेणारा देणाऱ्याच्या हाती इसार ठेवतो. ठरलेल्या मुदतीत त्याने उरलेली रक्कम उभी केली की खरेदीखत होते. दरम्यान वाट, पाणी, शेजार यांची चौकशी करून त्याचा विचार बदललाच, तर रूढीप्रमाणे इसार बुडतो. पण सगळी पुंजी अडकत नाही. (करारातील अटींप्रमाणे कायदेशीर बंधन याहून अधिक असू शकते. येथे आपल्याला केवळ व्यवहारातील कल्पना हवी आहे.) इसार देऊन घेणाऱ्याने काय विकत घेतले? जमीन नव्हे. त्याने खरेदी करण्याचा हक्क घेतला, आणि खरेदी केलीच पाहिजे अशी सक्ती मात्र घेतली नाही. हक्क आहे पण सक्ती नाही, अशा स्थितीला अर्थशास्त्रात विकल्प म्हणतात. शेअर बाजारात असे विकल्प रोज विकले जातात. कारखाना, यंत्र, जमीन अशा प्रत्यक्ष मालमत्तेबाबत हाच विचार केला की त्याला 'रिअल ऑप्शन्स' म्हणजेच वास्तव विकल्प असे म्हणतात. हे नाव स्ट्यूअर्ट मायर्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७७ मध्ये रूढ केले.

पूर्ण प्रकल्पाआधी उभारलेला लहान प्रायोगिक प्रकल्प हा या अर्थाने इसार असतो. त्याच्या स्वतःच्या हिशेबात तोटा दिसत असला, तरी तेवढ्यावरून तो नाकारणे बरोबर नाही. इसारावर व्याज मिळत नाही म्हणून कोणी इसार देण्याचे टाळत नाही.

वारणा खोऱ्यातील दोन प्रयोग

पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि तिच्या शेजारचे वारणानगर या परिसरात या विचाराची एक चांगली जोडी सापडते. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रे उभारून ती कारखान्याशी जोडायची आणि शेतकऱ्याला उसाच्या कामकाजाबरोबरच शेतीविषयक माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले अशा सोयी गावातच मिळवून द्यायच्या, असा हेतू होता. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि उरलेला १० टक्के वारणेच्या संस्थेने उचलावा, अशी योजना होती.

काही वर्षांनी चित्र असे झाले की केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या कामापुरता उरला. लागणीची नोंद, खताची उचल, तोडणीची परवानगी, वजन आणि बिल यांची माहिती तेथे मिळे. हे काम शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे होते, पण मूळ आराखड्यातील बाकीच्या सोयींचा वापर फारसा झाला नाही. यंत्रे जुनी होत होती आणि त्यांची देखभाल करावीच लागत होती.

पुढे बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी याच व्यवस्थेवर दुसरा प्रयोग केला. तोपर्यंत ५४ केंद्रे संगणकांवर चालत होती. संशोधकांनी त्यांपैकी फक्त सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल फोन आणि एसएमएस यांवर हेच काम चालवून पाहिले. आठ महिने चाचणी चालली. संगणकावर होणारी सारी कामे फोनवर होऊ शकली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची वाटली, असा निष्कर्ष संशोधकांनी २००७ च्या सुमारास मांडला. बाकीच्या गावांत या काळात जुनी व्यवस्था चालूच होती. चाचणी फसली असती, तर सात गावांपुरतेच नुकसान झाले असते.

पहिला प्रयोग अविचारी आणि दुसरा शहाणा, असा निवाडा येथे घाईने करू नये. पहिला प्रकल्प देशाच्या पातळीवर 'पथदर्शी' म्हणूनच आखला होता. दिल्लीच्या दृष्टीने तो इसार होता : एका खोऱ्यात करून पाहू, जमले तर इतरत्र नेऊ. वारणेच्या दृष्टीने मात्र तो पूर्ण प्रकल्पच होता, कारण खोऱ्यातील गावे एकाच फेरीत त्यात आली आणि आधी पाच गावांत पाहू, ही पायरी मध्ये नव्हती. एकच खर्च एका पक्षासाठी विकल्प असतो आणि दुसऱ्यासाठी बांधिलकी. म्हणून कोणत्याही पथदर्शी योजनेचा विचार करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की थांबण्याचा हक्क नेमका कोणाच्या हाती आहे? ज्याच्या हाती तो नाही, त्याच्यासाठी 'पथदर्शी' हा शब्द निव्वळ नावापुरता आहे.

गूळ पावडरीचा हिशेब

विचाराची किंमत आकड्यांत पाहण्यासाठी आता एक कल्पित उदाहरण घेऊ. यातील सर्व रकमा हिशेब सोपा व्हावा म्हणून मानलेल्या आहेत. कोडोलीतील काही ऊस उत्पादकांचा गट ढेपेच्या गुळाऐवजी रसायनविरहित गूळ पावडर तयार करण्याचा कारखाना काढू इच्छितो. पूर्ण कारखान्याला २०० लाख रुपये लागतात. शहरातील ग्राहकाने माल उचलून धरला, तर पुढील सर्व वर्षांच्या निव्वळ मिळकतीचे मोल ३०० लाख होते. नाही उचलला, तर ते ६० लाखच भरते. दोन्ही शक्यता सारख्या आहेत, असे धरू.

आजच निर्णय घ्यायचा तर सरासरी मिळकत १८० लाख आणि गुंतवणूक २०० लाख. बाकी उणे २० लाख. नेहमीची कसोटी सांगते, की हा उद्योग करू नये.

आता गटाने २५ लाख रुपये खर्चून दिवसाला पाच टन ऊस गाळणारा लहान घटक एक वर्ष चालवायचे ठरवले. (जुनी यंत्रे विकून जे येईल ते वजा करून ही रक्कम धरली आहे.) वर्षअखेर बाजाराचे खरे रूप कळेल, असे क्षणभर समजू. बाजार अनुकूल निघाला तर २०० लाख घालून ३०० लाख मिळवता येतील, म्हणजे १०० लाखांचा फायदा. तो एक वर्षानंतरचा असल्याने १२ टक्के दराने आजच्या मोलात सुमारे ८९ लाख होतो. बाजार प्रतिकूल निघाला तर गट कारखाना उभारणारच नाही, म्हणजे त्या बाजूला शून्य. दोन्हींची सरासरी सुमारे ४५ लाख. त्यातून चाचणीचे २५ लाख वजा केले की अधिक २० लाख उरतात.

एकच उद्योग, एकच बाजार, त्याच शक्यता. तरी उणे २० चे अधिक २० कसे झाले? ग्राहक वाढला नाही की खर्च घटला नाही. फक्त प्रतिकूल बाजूला होणारा १४० लाखांचा तोटा गटाने टाळला. चाचणीची सारी किंमत या टाळण्यात आहे. यावरून चाचणीवर जास्तीत जास्त किती खर्च करावा याची मर्यादाही कळते. या उदाहरणात ती ४५ लाख आहे. त्याहून महाग चाचणी कितीही उद्बोधक असली तरी परवडणारी नाही.

एक गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. बाजार जितका अनिश्चित, तितकी अशा चाचणीची किंमत वाढते. चांगली बाजू अधिक चांगली आणि वाईट बाजू अधिक वाईट झाली, तर चांगल्या बाजूचा लाभ गटाला पूर्ण मिळतो. वाईट बाजूचा भार मात्र तो उचलतच नाही. याउलट मिळकत जवळपास ठरलेली असेल, तर चाचणीने काहीच निष्पन्न होत नाही. अशा वेळी एकदम उभारावे किंवा एकदम सोडावे.

चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

वरच्या हिशेबात आपण चाचणीचे उत्तर अचूक असते असे मानले होते. हे गृहीत जरा सैल करून पाहू. समजा, चाचणीचा कौल पाचांतून चार वेळा बरोबर आणि एकदा चुकीचा निघतो. कौल अनुकूल आला म्हणून कारखाना उभारला, तर आता १०० लाखांच्या फायद्याची शक्यता ८० टक्के आणि १४० लाखांच्या तोट्याची २० टक्के आहे. सरासरी ५२ लाख. आजच्या मोलात सुमारे ४६ लाख. असा अनुकूल कौल येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे २३ लाख. चाचणीला लागले २५ लाख. बाकी उणे २ लाख. पाचांतील एका चुकीने चाचणीचा सगळा लाभ गिळला. वहीवर हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहा, कारण चाचणीचा दर्जा हा तिच्या अस्तित्वापेक्षा महत्त्वाचा का, हे त्यातूनच नीट ध्यानात येते.

दर्जा कोठे घसरतो, हे गुळाच्या धंद्यात शिरल्यावर दिसते. गुऱ्हाळाचा हंगाम साधारण पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. या काळात हवा कोरडी असते. काहिलीतील पाक घोटून, चाळून, वाळवून केलेली पावडर तेव्हा हातातून सुटी गळते आणि रंगही टिकतो. गूळ हवेतील ओल ओढून घेतो. त्यामुळे जुलैत पन्हाळ्याच्या बाजूने पाऊस लागला की नीट न वाळवलेली किंवा नीट न बांधलेली पावडर गोळे धरू लागते. मार्चमध्ये 'चाचणी यशस्वी' असा शेरा मारून कारखान्याची यंत्रे मागवणाऱ्या गटाने नेमका हाच प्रश्न विचारलेला नसतो. त्याची चाचणी सोप्या महिन्यांत झाली. मालाची काही पोती पावसाळाभर दुकानदाराच्या साध्या फळीवर ठेवून सप्टेंबरात उघडणे हा चाचणीचाच भाग आहे.

अशीच फसगत माणसांबाबत होते. लहान घटकावर गटातील सर्वांत कसबी गुळव्या उभा असतो. रसाला कधी भेंडीचे पाणी द्यायचे, पाक केव्हा उतरवायचा, हे त्याला नजरेने कळते. मोठ्या कारखान्यात तीन पाळ्यांत अनेक माणसे काम करतील. एका कसबी हाताने मिळालेला उतारा आणि रंग हा कारखान्याचा उतारा आणि रंग नव्हे. चाचणीच्या काही दिवशी मुद्दाम सामान्य हाताला काम द्यावे आणि दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी. खरेदीदारांचेही तसेच आहे. पहिली पिशवी ओळखीने किंवा कौतुकाने घेतली जाते. बाजाराचा कौल दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीतून मिळतो.

काही प्रश्न मात्र लहान घटकाला मुळीच सोडवता येत नाहीत. दिवसाला पाच टन ऊस गटातील सभासदच पुरवतील. मोठ्या कारखान्याला त्याच्या कितीतरी पट ऊस लागेल आणि तो परिसरातील साखर कारखान्यांशी स्पर्धा करून मिळवावा लागेल. साखर कारखान्याला एफआरपीप्रमाणे किमान दर द्यावाच लागतो, त्यामुळे शेतकऱ्यापुढे तुलनेसाठी एक आकडा नेहमी असतो. ज्या वर्षी ऊस कमी पडेल, त्या वर्षी तो कोणत्या दाराने जाईल, हे चाचणी सांगणार नाही. त्यासाठी उसाचे लेखी करार, मागील तुटीच्या वर्षांतील दरांचा अभ्यास अशी वेगळी साधने हवीत. चाचणीला न कळणारी गोष्ट तिच्या यशाने सिद्ध झाली असे समजणे, ही टप्प्याटप्प्याच्या गुंतवणुकीतील सर्वांत महाग चूक म्हणावी लागेल.

यातून आणखी एक प्रश्न निघतो. चाचणीसाठी स्वतःचा लहान कारखाना हवाच का? बंद असलेले किंवा कमी चालणारे गुऱ्हाळ हंगामापुरते भाड्याने घेऊन, वाळवणी आणि चाळणीची तेवढी सोय करून तीच माहिती ८ लाखांत मिळत असेल, तर पाचांतून चार वेळाच बरोबर येणाऱ्या कौलावरही २३ वजा ८, म्हणजे १५ लाख शिल्लक राहतात. वारणेच्या दुसऱ्या प्रयोगातही नवी केंद्रे बांधली नव्हती. असलेल्या केंद्रांवरच, असलेल्या कामातच बदल करून पाहिला होता.

थांबण्याचा हक्क टिकवणे

आता हिशेबातील सर्वांत नाजूक जागा पाहू. चाचणीचा कौल प्रतिकूल आला आणि तरीही गटाने कारखाना उभारला, तर काय होते? चाचणी अचूक असूनही तिचा उपयोग झाला नाही. मूळचे उणे २० लाख आजच्या मोलात सुमारे उणे १८ होतात आणि त्यात चाचणीचे २५ लाख मिळवून तोटा ४३ लाखांवर जातो. म्हणजे ज्याला थांबता येत नाही, त्याने चाचणी करण्यापेक्षा ती न केलेली बरी.

असे कोणी करेल का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. पण ते सहज घडते. उद्घाटन झालेले असते, नातेवाइकांकडून भाग गोळा केलेले असतात, पुढील वर्षी संस्थेची निवडणूक असते. 'एवढे घातलेच आहेत तर थोडे आणखी घालू' हे वाक्य बैठकीत कोणीतरी बोलतो आणि ते समजूतदारपणाचे वाटते. खर्च झालेले २५ लाख मात्र दुसऱ्या टप्प्याच्या निर्णयात येताच कामा नयेत. ते दोन्ही वाटांवर सारखेच गेलेले आहेत. त्या दिवशी विचारायचे ते एवढेच : आता २०० लाख घातले तर पुढे त्याहून अधिक मिळेल का?

म्हणून थांबण्याची अट हंगाम सुरू होण्याआधी, कोणाचाही जीव प्रकल्पात अडकण्याआधी लिहून ठेवावी लागते. अट मोजता येण्यासारखी हवी. उदाहरणार्थ, ठरलेल्या दराला निम्म्याहून अधिक दुकानदारांनी तिसऱ्यांदा मागणी नोंदवली पाहिजे. पावसाळ्यानंतर उघडलेल्या पोत्यांपैकी ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त माल गोळे धरलेला नसावा. सामान्य हाताने केलेल्या मालाचा उत्पादनखर्च अमुक रकमेच्या आत असावा. निकाल देणाऱ्यांत घटक चालवणाऱ्या व्यवस्थापकाखेरीज आणखी कोणी असावे. 'प्रतिसाद चांगला असल्यास पुढे जावे' अशा शब्दांत लिहिलेली अट ही अट नसते, कारण चांगला म्हणजे किती, हे हंगामानंतर ज्याला कारखाना हवाच आहे तो ठरवतो.

याच्या दुसऱ्या टोकाचा दोषही सांगितला पाहिजे. काही संस्था चाचणीमागून चाचणी करत राहतात आणि निर्णय कधीच घेत नाहीत. थांबून पाहण्यालाही किंमत असते. आपण वर्षभर वाट पाहिली म्हणून १०० लाखांचे ८९ झाले, हे तुम्ही पाहिलेच. त्या वर्षात दुसऱ्या कोणी शहरातील दुकाने आपल्या मालाने भरली, तर ३०० लाखांची अनुकूल बाजूच आकसते. म्हणून अटीसोबत मुदतही लिहावी : या तारखेला होकार किंवा नकार, तिसरे उत्तर नाही. इसारालाही मुदत असतेच.

स्वाध्याय

चाचणीचा कौल दहांतून नऊ वेळा बरोबर येतो असे मानून, २५ लाखांच्या चाचणीचा वरील हिशेब पुन्हा मांडा. (उत्तर : सुमारे ९ लाख शिल्लक.) त्यानंतर तुमच्या गावात किंवा कामाच्या ठिकाणी 'प्रायोगिक तत्त्वावर' सुरू झालेली एखादी योजना निवडा. ती बंद करण्याचा अधिकार कोणाकडे होता, बंद करण्याची अट सुरुवातीला लिहिलेली होती का, आणि ती अट कोणत्या महिन्यात, कोणाच्या हाताखाली तपासली गेली, हे दोन पानांत लिहा.